आईला पत्र: बाबांच्या कोलेस्टेरॉलसाठी तेल कमी, प्रोटीन जास्त, पण कुठल्या क्रमाने

आई,

काल फोनवर तू म्हणालीस, "तेल बंद करून बघितलं, तुझे बाबा जेवतच नाहीत, आता तुझं तू येऊन कर." चिडून म्हणालीस हे कळलं, पण नेमकं काय झालं ते मी बाबांकडूनही ऐकलंय. रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू दुधी उकडलास, बिनफोडणीचं वरण केलंस, कोरडी चपाती दिलीस. चार दिवस बाबा गप्प जेवले आणि पाचव्या दिवशी फिरायला म्हणून गेले ते गाड्यावरची कांदाभजी खाऊन आले. आठवड्याने तू परत पळीभर तेलाची फोडणी घातलीस आणि विषय संपला.

यात तुझी चूक नाही आणि बाबांचीपण नाही. क्रम उलटा झाला, एवढंच. ताटातलं तेल काढलं पण त्या जागी काहीच आलं नाही, मग माणूस सहा वाजता भुकेला होणार आणि भुकेला माणूस चिवड्याचा डबा शोधणार. माझ्या ऑफिसमधल्या तिघींच्या घरी हेच झालंय म्हणून नीट बसून सगळं लिहितेय. मावशीलापण फॉरवर्ड कर, काकांचा रिपोर्ट काही वेगळा नाहीये.

## आधी रिपोर्टमधल्या चार ओळी

टोटल कोलेस्टेरॉल २३६, एलडीएल १५६, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराईड २१०. तू फक्त पहिला आकडा लक्षात ठेवलायस, पण आपल्या स्वयंपाकघरासाठी दुसरा आणि चौथा महत्त्वाचा. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराईड म्हणजे रक्तातली चरबी, आणि दोघांची कारणं थोडी वेगळी आहेत.

एलडीएल वाढवण्यात शेंगतेलाचा हात फारसा नसतो. आपल्या घरात तो वाढवतात साय, तूप, सुकं खोबरं, बेकरीतली खारी नि नानकटाई, आणि मटणावरची चरबी. ट्रायग्लिसराईड वाढतं ते एकूणच जास्त खाण्याने, पोटाच्या घेराने, साखरेने, मैद्याने, आणि दारू घेत असतील तर तिच्याने.

मग तेल कमी का करायचं? कारण एका छोट्या चमचाभर तेलात चाळीसेक कॅलरी असतात आणि आपण ते चमच्याने घालतच नाही, पळीने घालतो. वजन उतरलं की ट्रायग्लिसराईड बऱ्यापैकी ऐकतं.

पाकिटावर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं महाग तेल बाबांनी आणलंय असं कळलं. अगं, कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून आलेल्या पदार्थात असतं, कुठल्याच बियांच्या तेलात ते नसतंच, त्यामुळे तो शिक्का म्हणजे "पाण्यात साखर नाही" म्हटल्यासारखं झालं. आपलं शेंगतेल आणि करडीचं तेल आलटून पालटून वापर. बदलायचंय ते माप, ब्रँड नाही.

सांभाळ: डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची रात्रीची गोळी जेवणात बदल केला म्हणून बंद करायची नाही, अर्धी पण करायची नाही. आणि प्रोटीन वाढवायच्या आधी त्याच रिपोर्टमधलं क्रिएटिनिन आणि युरिक अ‍ॅसिड डॉक्टरांना एकदा दाखव. बाबांचं दोन्ही नॉर्मल आहे, मी फोनवर त्यांना विचारून घेतलंय. पण काकांना किडनीचा त्रास असेल किंवा अंगठा सुजत असेल तर मावशीने पुढचा प्रोटीनचा भाग स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

## टप्पा १: एक आठवडा नुसतं मोजायचं, काही बदलायचं नाही

हे तुला वेडेपणा वाटेल पण इथेच सगळे घसरतात. "आम्ही फार तेल खातच नाही" असं प्रत्येक घरात म्हणतात, आपल्याही.

१. तेलाची नवी पिशवी फोडशील तेव्हा बरणी पुसून त्यात एक लिटर ओत आणि बरणीवर मार्करने रेघ मार. सात दिवस नेहमीसारखा स्वयंपाक कर आणि आठव्या दिवशी दुसरी रेघ मार. चपातीला लावायचं तेल, पापड तळायचं तेल, सगळं ह्याच बरणीतून घ्यायचं, वेगळी वाटी काढून ठेवायची नाही.

२. तुझी पळी मोज. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण असतं ना, ५ आणि १० मिलीच्या खुणा असलेलं, त्याने. मी दिवाळीत गुपचूप मोजली होती. तुझी तेलाच्या बरणीतली पळी गच्च भरली तर जवळपास १८ मिली होते, म्हणजे साडेतीन छोटे चमचे. तू भाजीला "एकच पळी" म्हणतेस आणि कढई मोठी असली की अजून अर्धी जाते.

३. महिन्याचं सामान आठव. तुम्ही दोघंच आहात आणि अडीच लिटर तेल लागतं. अडीच लिटर भागिले तीस दिवस भागिले दोन माणसं, म्हणजे माणशी रोज ४० मिलीच्या वर, साधारण आठ छोटे चमचे. आहारतज्ञ ढोबळ हिशेब सांगतात तो महिन्याला माणशी अर्धा लिटर. म्हणजे तुम्हा दोघांना एक लिटर. आपल्याला अडीचवरून एकवर यायचंय, पण एका उडीत नाही. तू ती उडी मारलीस आणि त्याचा निकाल कांदाभजीच्या रूपाने आला.

बघून घे: सात दिवसांत बरणीतून ५८० मिलीच्या आसपास गेलं तर तुझा अडीच लिटरचा अंदाज बरोबर. खूपच कमी गेलं तर तू मोजतेयस म्हणून हात आखडलास, आणखी चार दिवस मोज.

## टप्पा २: पहिले दोन आठवडे प्रोटीन वाढवायचं, तेलाला हात लावायचा नाही

होय, तेल तसंच राहू दे. आधी पोट भरलं पाहिजे. प्रोटीनने एलडीएल आपोआप उतरतं असं मी म्हणत नाहीये, ते व्हॉट्सअपवरचं ज्ञान झालं. प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, साठीनंतर मांड्या-दंड वाळत जातात ते जरा रोखलं जातं, आणि डाळी-कडधान्यातून घेतलं तर सोबत जो चोथा येतो तो एलडीएल उतरवायला खरंच मदत करतो. म्हणून आपण मटण वाढवत नाहीये, डाळ वाढवतोय.

बाबांचं वजन ७२ किलो. किलोमागे पाऊण ग्रॅमपेक्षा थोडं जास्त असा साधारण हिशेब धरला तर त्यांना दिवसाला साठेक ग्रॅम प्रोटीन हवं. आता ते किती खातात ते मी त्यांना विचारून मांडलं. सकाळी पोहे, साडेतीन ग्रॅम. दोन वेळच्या चहातलं दूध मिळून तीन. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, दहा. रात्री दोन चपात्या सात आणि भात तीन. भाज्या मिळून चार. चिवडा अडीच. आणि दोन्ही वेळची आमटी मिळून फक्त पाच. बेरीज ३८.

आता आमटीकडे बघ. तू रागावशील, पण तुझी आमटी चवीला कितीही फक्कड असली तरी ती येसूर घातलेलं गरम पाणी आहे. एका वाटीत बारा ग्रॅम डाळ असेल नसेल. आपण "रोज डाळ खातो" म्हणतो आणि खरं तर डाळीचं पाणी पितो. तर:

१. आमटी घट्ट कर. माणशी एका वेळेला ३० ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे दोघांची दोन वेळची मिळून १२० ग्रॅम. मी आणलेला छोटा वजनकाटा वरच्या फळीवर पडलाय, तो काढ, एकदा १२० ग्रॅम तोल, आणि ती डाळ ज्या वाटीत जिथपर्यंत येते ती खूण लक्षात ठेव, मग रोज तोलायला नको. पाणी कमी घालायचं, फोडणी-मसाला पूर्वीइतकाच, दुप्पट करायचा नाही. एवढ्यानेच बाबांचे आठ ग्रॅम वाढतात, एकही नवा पदार्थ न करता. तूर रोज नको, एक दिवस मूग, एक दिवस मसूर, एक दिवस तूर-मूग मिसळून.

२. दुपारच्या जेवणात दही. मोठी वाटी, साय काढलेल्या दुधाचं, दीडशे ग्रॅमच्या आसपास. पाच ग्रॅम. काढलेल्या सायीचं लोणी-तूप करून परत त्याच घरात खाल्लं तर काय उपयोग, हे वेगळं सांगत नाही. हल्ली तुम्ही दूध म्हशीचं घेता, गाईचं किंवा टोन्ड घे.

३. सकाळी अंडं किंवा उसळ. एका अंड्यात सहा ग्रॅम. पिवळ्या बलकाची भीती पूर्वी होती तेवढी आता नाही, पण बाबांचं एलडीएल १५६ आहे तोवर डॉक्टरांनी आठवड्याला तीन-चार बलक एवढंच सांगितलंय, बाकी दिवशी दोन पांढरे. उकडलेलं दे, मसाला ऑम्लेट दोन पळ्या तेलात पोहत येतं. सोमवार, गुरुवार, एकादशीला अंडं चालत नाही तेव्हा मोड आलेल्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ. हुलगे आपल्याकडे गुरांना घालतात म्हणून बाबा नाक मुरडतात, पण आजी थंडीत माडगं करायची तेव्हा हेच बाबा दोन वाट्या प्यायचे.

४. संध्याकाळी चिवड्याच्या डब्यात फुटाणे. तोच डबा, तीच जागा. बाबा डबा बघून हात घालतात, आत काय आहे ते नंतर बघतात. दोन मुठी सालासकट फुटाणे, सहा ग्रॅम प्रोटीन आणि तेल शून्य. वर कच्चा कांदा, लिंबू, कोथिंबीर टाकलीस तर तक्रार येणार नाही.

हे चारही झालं की बाबांची बेरीज साठीला पोचते. पावडरचे डबे लागत नाहीत, ते बाबांच्या फिरायच्या ग्रुपमधल्या काकांना सांग.

दोन गोष्टी लोक हमखास चुकतात. एक म्हणजे पनीर. प्रोटीन म्हटलं की पनीर आणतात, पण बाजारच्या पनीरमध्ये जितकं प्रोटीन तितकी किंवा जास्तच चरबी असते आणि ती नेमकी एलडीएल वाढवणारी. महिन्यातून एखाद-दोनदा ठीक. दुसरं म्हणजे शेंगदाणे. आपण सोलापूरकर शेंगांशिवाय जगू शकत नाही हे मान्य, शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर आहे हेही खरं, पण मूठभर शेंगदाण्यात जवळपास तीन छोटे चमचे तेल आहे. वाईट नाहीत, पण फुकट नाहीत. शेंगा चटणी जेवणाला एक चमचा, आणि वर तेल ओतून खायची नाही. चटणी कुटतानाच तिला तेल सुटतं, त्यावर आणखी कशाला?

सांभाळ: सगळं एकाच दिवशी सुरू केलंस तर बाबांना गॅस होईल आणि ते कडधान्यालाच दोष देतील. पहिल्या आठवड्यात फक्त घट्ट आमटी आणि दही, दुसऱ्यात उसळ आणि फुटाणे. कडधान्य रात्रभर भिजव, ते पाणी फेकून दे, मोड आण, शिजवताना हिंग आणि आलं घाल. हुलग्याला मोड यायला मटकीपेक्षा जास्त वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी मोड दिसले नाहीत म्हणून टाकून देऊ नकोस.

बघून घे: आमटीत पळी बुडवून उलटी कर. पळीच्या पाठीवर डाळीचा थर राहिला तर जमलं. पाण्यासारखी ओघळून गेली तर परत जुनीच आमटी झालीय. आणि दुसरी खूण अशी की दहा-बारा दिवसांनी बाबा संध्याकाळी सहाला "काही आहे का खायला" म्हणायचे बंद झाले असतील. ते अजून म्हणत असतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नकोस.

## टप्पा ३: आता तेल, आणि तेही जिथे कळत नाही तिथून

लोक आधी भाजीतलं तेल काढतात कारण तेच डोळ्याला दिसतं. पण चव भाजीतच असते, म्हणून ते सगळ्यात शेवटी. दर आठवड्याला एकच जागा.

पहिला आठवडा, चपाती. कणकेत तेल, घडीला तेल, तव्यावर तेल, डब्यात ठेवताना वरून तूप. एका चपातीला सहज दीड चमचा जातो. घडीला बोट ओढण्यापुरतं राहू दे, बाकी तीन काढ. चपाती कडक होईल ही भीती आहे ना? कणीक नेहमीपेक्षा जरा सैल, कोमट पाण्यात भिजव आणि अर्धा तास झाकून ठेव, भाजल्यावर लगेच कापडात गुंडाळ. कडक होते ती तेल कमी पडलं म्हणून कमी आणि घट्ट कणीक मंद आचेवर भाजली म्हणून जास्त. आणि भाकरीला तर तेल लागतच नाही, रात्रीही भाकरी केलीस तर हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा आठवडा, तळण. पापड गॅसवर भाज. कुरडई-भजी पंधरा दिवसांतून एकदा, ठरवून, ताजी. बंद केलं तर गाड्यावर जातील. तळून उरलेलं तेल गाळून परत तळायला वापरायचं नाही, ते दोन दिवसांत फोडणीला संपव. काळपट पडलं किंवा तापवल्यावर लगेच धूर सोडायला लागलं तर टाकून दे. तेलाचा पैसा वाया जातो म्हणून तू ते चार वेळा वापरतेस, मला माहितीये.

तिसऱ्या आठवड्यापासून, फोडणी. पळी बरणीतून काढून आत ठेवून दे, डोळ्यासमोर नको. रोज सकाळी औषधाच्या झाकणाने मोजून ३५ मिली तेल एका छोट्या वाटीत काढ. सात छोटे चमचे, दोघांचे, दिवसभराचे. चपाती, भाजी, आमटी, सगळं त्यातून. उरलं तर पंधरा दिवसांच्या भज्यांसाठी साठव. संपलं तर संपलं, पण बरणी उघडायची नाही. पहिल्या आठवड्यात ५० मिली काढलंस तरी चालेल, मग ४०, मग ३५.

आता चपातीचं वजा करून उरलेल्या चारेक छोट्या चमच्यांत दोन भाज्या आणि आमटी कशी होणार? कढई आधी कोरडी चांगली तापव, मग तेल घाल, मग ते सगळीकडे फिरतं. थंड कढईत घातलं की तळाशी डबकं होतं आणि कमी वाटतं, मग अजून ओतलं जातं. कढई पण लहान घे. मोहरी कढईच्या मध्यभागी तेल तिरकं गोळा करून तडतडव. कांदा टाकल्या टाकल्या मीठ घाल आणि झाकण ठेव, त्याला स्वतःचं पाणी सुटतं. चिकटायला लागलं तर तेल नाही, चमचाभर गरम पाणी. वाटणाचा कांदा तेलात परतण्याऐवजी अख्खा गॅसवर भाजून घे, तू वांग्याचं भरीत करतेस तसा, चवही जास्त येते.

आणि आमटीची फोडणी शेवटी दे. डाळ, मसाला, चिंच-गूळ सगळं उकळून झालं की एक चमचा तेलात मोहरी, लसूण, कढीपत्ता आणि गॅस बंद केल्यावर चिमूटभर लाल तिखट घालून लगेच वरून ओत. ते वर तरंगतं, वास आधी त्याचाच येतो आणि बाबांना वाटतं भरपूर तेल आहे. मी हे माझ्या नवऱ्यावर करून बघितलंय, त्याला अजून कळलेलं नाही.

सांभाळ: तेल कमी केलं की हात नकळत मिठाकडे आणि कूटाकडे जातो. बाबांचं बीपी आहे, मीठ वाढवू नकोस, चव लिंबू, चिंच, आलं-लसणीतून आण. कूट वाढवलास तर तेल मागच्या दाराने परत आलं.

## भरली वांगी, जुनी आणि नवी

ही भाजी तेलाशिवाय होत नाही असं तू म्हणालीस म्हणून मी मागच्या रविवारी तीनदा केली. पहिल्यांदा करपली, दुसऱ्यांदा पाणचट झाली, तिसऱ्यांदा जमली. दोघांसाठी पाव किलो वांग्यांना तू दोन पळ्या तेल, चार मोठे चमचे कूट आणि मूठभर सुकं खोबरं घालतेस. म्हणजे ३६ मिली तेल एकट्या भाजीत, म्हणजे वर सांगितलेली दिवसाची वाटी एका भाजीत संपली.

आता असं कर. कूट दोन मोठे चमचे, त्यात एक मोठा चमचा डाळव्याचं पीठ आणि एक छोटा चमचा भाजलेले तीळ कुटून. खोबरं नाही. डाळव्याने रस्सा मिळून येतो आणि कूट कमी झालेला कळत नाही. त्यात काळा मसाला, तिखट, मीठ, चिंचेचा कोळ, गूळ, आणि गॅसवर भाजलेला एक कांदा ठेचून. पहिल्यांदा माझी करपली कारण मी डाळव्याचं पीठ थेट कढईत टाकलं, ते सारणातच मिसळायचं.

कढई तापवून दोन छोटे चमचे तेल, मोहरी, हिंग, मग भरलेली वांगी एका थरात मांड आणि दोन मिनिटं न हलवता ठेव. उलट, पुन्हा दोन मिनिटं. मग ताट झाक आणि ताटात पाणी ओत, आजी करायची तसं. वरचं पाणी गरम झालं की खाली वाफ धरते आणि वांगी स्वतःच्या पाण्यात शिजतात. दहा मिनिटांनी तेच गरम पाणी अर्धी वाटी आत घाल, उरलेलं सारण टाक, आणखी पाचेक मिनिटं. दुसऱ्या वेळी माझी पाणचट झाली कारण मी सुरुवातीलाच पाणी घातलं होतं.

बघून घे: देठाजवळ सुरीचं टोक सहज गेलं पाहिजे. आणि गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवलंस की कडेने थोडा तवंग दिसतो, तो कूटातलाच आहे. तवंग दिसला नाही म्हणून वरून तेल घालायचं नाही.

या भाजीत प्रोटीन फार नाही, म्हणून त्या दिवशी सोबत घट्ट आमटी आणि दही हवंच. नुसती वांगी-भाकरी झाली तर संध्याकाळी फुटाण्याचा डबा पुरणार नाही.

## बाहेरचं आणि बेकरीचं

सकाळच्या चहाबरोबर बाबा खारी बुडवतात. तेल मोजून मोजून तू महिनाभर जे कमवशील त्यातलं बरंचसं खारी खाऊन टाकेल, कारण तिच्या पापुद्र्यात बहुतेक ठिकाणी वनस्पती तूप असतं, आणि ते एलडीएलला शेंगतेलापेक्षा कितीतरी वाईट. खारी घरातच आणू नकोस. बदल्यात ज्वारीची कडक भाकरी मोडून चहात, त्यांना ती आवडतेच. चहातली साखर दोन चमच्यांवरून एकावर, ट्रायग्लिसराईडसाठी.

मटण महिन्यातून दोनदा होतं, ते एकदा कर, चरबीचे तुकडे काढून, आणि शिजल्यावर फ्रीजमध्ये ठेवलंस तर वर गोठलेला पांढरा थर चमच्याने काढता येतो. बाकी वेळी चिकन बिनकातडीचं, किंवा मासे मिळाले तर रश्श्यातले.

## टप्पा ४: तीन महिन्यांनी परत रक्त

डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत टेस्ट सांगितलीय. त्याच लॅबमध्ये, रात्रीच्या जेवणानंतर बारा तास उपाशी, पाणी चालतं, चहा नाही. आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालं असेल तर तारीख पुढे ढकल, ट्रायग्लिसराईड उगाच वर दिसतं. टेस्टच्या आधी आठ दिवस कडक पथ्य करून रिपोर्ट गोड करायचा प्रकार बाबा करतील, करू देऊ नकोस, त्या आकड्यावरून डॉक्टर गोळी ठरवतात.

एलडीएल खाली आलं तर त्यात गोळीचा वाटा मोठा असणार, आपल्या स्वयंपाकाचा लहान. म्हणून "आकडा आला, आता गोळी नको" हे बाबांनी नाही, डॉक्टरांनी म्हणायचं. मधल्या काळात बाबांचे पाय-दंड विनाकारण दुखायला लागले तर तेही डॉक्टरांना सांग, गोळीमुळेही असू शकतं, वय झालं म्हणून सोडून देऊ नकोस. वजन दर रविवारी सकाळी एकदाच, रोज नाही.

आणि एक. ही दही-आमटी-अंडी बाबांच्या ताटापुरती ठेवायची नाहीत. तू सगळ्यात शेवटी जेवतेस आणि तोवर पातेल्यात तळाची आमटी आणि कालची भाकरी उरते. १२० ग्रॅम डाळीतली ६० ग्रॅम तुझी आहे, म्हणून मी दोघांचा हिशेब लिहिलाय. अंडं खात नाहीस तर तुझ्या वाटणीचं उसळीत, सोया चंक्स घातलेस तरी चालतील. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायचे आणि बारीक चिरायचे, म्हणजे तो वास जातो. तुझी टेस्ट अजून झालेलीच नाहीये, बाबांबरोबर तुझंही रक्त द्यायचं.

मी शनिवारी रात्री सिद्धेश्वरने निघतेय, रविवारी सकाळी पोचेन. बरणीवर पहिली रेघ मारून ठेव. आणि तेलाची पळी मला दे, मी इकडे घेऊन येते.

तुझी,
ताई

ता. क. बाबांना हे पत्र वाचायला देऊ नकोस, आमटीच्या फोडणीचं गुपित त्यात आहे.